मदत हवी आहे: ऑक्टोबरला जॉईन झालेल्या माणसाचा टीडीएस, माझा आणि सॉफ्टवेअरचा आकडा जुळेना

शिरोली_अकाउंट्स
नमस्कार मंडळी, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पगाराचं काम बघतो. चालू वर्ष २०२५-२६ चीच गोष्ट आहे. ऑक्टोबरपासून आमच्याकडं एक मेंटेनन्स इंजिनियर आलाय, महिना १ लाख ३० हजार, नवीन रिजीम. मार्चपर्यंत सहा महिने धरले तर ७ लाख ८० हजार होतात, त्यातनं ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं की १२ लाखाच्या लई खाली, म्हणून तीन महिने टीडीएस शून्य ठेवला. काल तो जुन्या कंपनीच्या सहा स्लिपा चार घड्या घालून खिशातनं घेऊन आला. तिथं महिना ९० हजार होता, म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि टीडीएस तिथंही शून्यच.

दोन्ही मिळून १३ लाख २० हजार, ७५ हजार एकदाच वजा केले, राहिले १२ लाख ४५ हजार. आता १२ लाखापर्यंतचे ६० हजार आणि वरच्या ४५ हजारावर १५ टक्क्यानं ६,७५०, असे ६६,७५०, सेस धरून ६९,४२०. तीन पगार राहिलेत म्हणजे महिना २३,१४०. पण सॉफ्टवेअर एकूण ४६,८०० आणि महिना १५,६०० दाखवतंय. स्लॅब तीनदा तपासले. त्या पोराचे हप्ते चालू आहेत, जास्तीचं कापायचं नाही मला, आणि कमी कापून कंपनीवर पण आणायचं नाही. कुठं चुकतंय?

पंचगंगाकाठ
भावा, तू कशाला जुन्या कंपनीचं डोक्यावर घेतोस? आपण आपल्या पगारापुरतं बघायचं, उरलेलं त्यानं रिटर्न भरताना भरायचं. आमच्याकडं असंच करतात.

राजारामपुरी_टॅक्स
पंचगंगाकाठ, त्यानं माहिती दिलीच नसती तर तुमचं बरोबर होतं, कंपनीनं शोधत बसायची गरज नाही. पण त्यानं दिली की ती धरायलाच लागते. नुसत्या स्लिपांवर थांबू नका, फॉर्म १२बी भरून सही घ्या आणि फायलीला लावा. हे सोडून दिलं असतं तर ७५ हजाराची वजावट आणि रिबेट दोन्हीकडं मिळाल्यासारखं झालं असतं, आणि जुलैत रिटर्न भरताना सगळी रक्कम व्याजासकट एकदम त्याच्या अंगावर आली असती.

आता आकड्याचं. सॉफ्टवेअर बरोबर आहे दादा, तुमचा मार्जिनल रिलीफ राहिला. १२ लाखापर्यंत टॅक्स शून्य, मग वर ४५ हजार जास्त मिळाले म्हणून ६६,७५० कसे घेणार? टॅक्स त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होऊ देत नाहीत. म्हणून टॅक्स ४५,०००, त्यावर ४ टक्के सेस १,८००, झाले ४६,८००. आधी रिलीफ, मग सेस, हा क्रम उलटा करू नका.

कळंबा_कट्टा
माझी पण अशीच केस होती, मी घराच्या कर्जाचं व्याज आणि एलआयसीच्या पावत्या दिल्या आणि टीडीएस लगेच कमी झाला. त्याला पावत्या आणायला सांगा की.

राजारामपुरी_टॅक्स
तुमची जुनी रिजीम असणार. नवीनमध्ये एलआयसी चालत नाही आणि स्वतः राहतो त्या घराचं व्याज पण नाही. ह्याला जुन्यात नेला तर दीड लाखाची ८०सी आणि २ लाख व्याज पूर्ण धरूनही टॅक्स सेससकट लाखाच्या घरात जातोय.

शिरोली_अकाउंट्स
ताई, डोकं हलकं झालं. पण अजून एक राहिलं. मालक पाडव्याला इन्सेन्टिव्ह देतात, गेल्या वर्षी ह्या पोस्टला ३० हजार दिलेले. यंदाचं ठरलेलं नाही. ते आत्ताच धरू का?

राजारामपुरी_टॅक्स
न ठरलेलं धरू नका, पण त्याला आजच सांगून ठेवा, कारण इथंच माणूस फसतो. ३० हजार आले की १२ लाख ७५ हजार होतात. तेव्हा साधा टॅक्स ७१,२५० आणि वरची रक्कम ७५ हजार, म्हणजे रिलीफ संपला. सेस धरून ७४,१००. आधीचे ४६,८०० वजा करा, २७,३०० वाढले. ३० हजारातले त्याच्या हातात २,७०० राहणार, आणि सगळी कापणी मार्चच्या एकाच पगारातनं, १५,६०० धरून ४२,९००.

पंचगंगाकाठ
मग एप्रिलमध्ये द्यायचं की, विषय संपला.

राजारामपुरी_टॅक्स
मालकांनी खरंच एप्रिलमध्ये ठरवलं आणि तेव्हाच दिलं तर पुढच्या वर्षात जाईल. पण मार्चमध्ये जाहीर करून पैसे नुसते लांबवले तर ते मार्चचंच उत्पन्न. तारीख मागंपुढं करून लिहू नका.

शिरोली_अकाउंट्स
१२बी भरून घेतला, जानेवारीला १५,६०० टाकलेत. त्याला बसवून कागदावर दोन्ही हिशोब दाखवले, तो बराच वेळ २,७०० कडंच बघत होता. मालकांना पण तोच कागद दिलाय, ते म्हणाले बघू. काय ठरतंय ते इथं टाकतो.