खाली राऊटर, वर लेकीची खोली: अँटेना आडवी पाडायची की पॉवर वाढवायची?

लातूरची आई
आमचं औसा रोडला दोन मजली घर आहे. राऊटर खाली हॉलमध्ये टीव्हीच्या शोकेसवर, आणि त्याच्या अगदी डोक्यावर लेकीची खोली. ती नीटची तयारी करते. वर मोबाईलला वाय-फायच्या तीन दांड्या दिसतात, तरी लाइव्ह क्लास अडकतो, आणि फिजिक्सच्या वहीचा फोटो सरांना पाठवायचा म्हटलं की नुसतं गोल फिरत राहतं. चारही अँटेना सरळ उभ्या आहेत आणि सेटिंगमध्ये `Transmit Power` हे `High` वर आहे. भाचा म्हणतो एक अँटेना आडवी कर, नेटवाला म्हणतो हात लावू नका. कोणाचं ऐकू?

परभणीचे नाना
नेटवाल्याचं ऐका. मी पोलिसांच्या बिनतारी विभागात तीस वर्षं काढली. जीपवरची काडी उभी असायची आणि हातातला सेटही उभाच धरायचा. नवा पोरगा सेट आडवा करून बोलला की पलीकडे नुसती खरखर. पाठवणारी उभी तर ऐकणारीही उभी, हा नियमच आहे. एक आडवी केलीत तर तेवढी अँटेना वाया गेली समजा.

जालन्याचा दुकानदार
माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, रोज एक तरी गिऱ्हाईक हेच रडगाणं घेऊन येतं. ताई, अँटेना वळवत बसणं म्हणजे जुन्या टीव्हीचा एरियल फिरवायचा खेळ. पॉवर `High` आहे ती तशीच राहू द्या. काही राऊटरमध्ये देश बदलून टाकला की पॉवर अजून वाढते, ते करून बघा. नाहीच जमलं तर वर दुसरा राऊटर बसवा, विषय संपला.

नांदेडकरीण
नानांचा अनुभव खरा आहे, पण तो मोकळ्या रानातला. तिथं लाट सरळ येते, म्हणून उभं-आडवं जुळावं लागतं. घरात ती भिंतीवर, कपाटावर, फरशीवर आपटून येते आणि तोवर बरीच वाकडीतिकडी झालेली असते. शिवाय लेक मोबाईल उभा धरते, आडवा धरते, गादीवर पालथा टाकते. मोबाईलचीच दिशा ठरलेली नाही, तर जुळवायचं कशाशी?

ताईंच्या घरातली खरी गोम वेगळी आहे. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, तिच्या भोवती चाकाच्या टायरसारखा. टायरच्या मधलं भोक वर आणि खाली येतं. म्हणजे अँटेनाचं टोक जिकडे, तिकडेच सगळ्यात कमी. आणि लेकीची खोली नेमकी त्या भोकावर आहे. खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, दहा फूट वर आणि दहा फूट बाजूला असती, तर साध्या अँटेनाचा तोटा साधारण ४ डेसिबल झाला असता, तो फारसा जाणवलाही नसता. जसजसं डोक्यावर जावं तसा तो वाढत जातो. जास्त ताकदीची म्हणून विकतात ती अँटेना टायर आणखी चपटा करते, म्हणजे वरच्या मजल्याचं अजूनच हाल.

आता पॉवर. `High` केल्याने राऊटरचा आवाज वाढतो, मोबाईलचा नाही. दांड्या दाखवतात त्या मोबाईलला राऊटर किती ऐकू येतो त्याच्या. क्लास खाली उतरतानासुद्धा मोबाईलला सारखं ‘मिळालं, मिळालं’ असं उलट कळवावं लागतं, आणि वहीचा फोटो तर पूर्णच मोबाईलने वर ढकलायचा असतो. माळवदावरून हाक मारणाऱ्याचा आवाज खाली येतो, पण खालच्या म्हाताऱ्याचं उत्तर वर पोचत नाही, तसं झालंय. अँटेनाचा कोन मात्र दोन्हीकडे लागू पडतो, कारण त्याच काडीतून राऊटर बोलतो आणि त्याच काडीतून ऐकतो. म्हणून मी आधी कोन बघते, पॉवर नंतर.

देशाचं सेटिंग खोटं टाकायचं तर नावच काढू नका. नियमात बसत नाही, आणि वाढली तरी एकाच बाजूची वाढणार.

वसमतचा शेतकरी
ताई, आमच्या शेतात मोटारीच्या स्टार्टरमध्ये सिमकार्ड आहे. हळदीला पाणी द्यायला घरून मिस कॉल मारला की मोटार चालू होते, पण विहिरीपाशी रेंजच धरत नाही. तिथली काडी आडवी केली तर लागेल का? का बूस्टर घेऊ?

नांदेडकरीण
दादा, तुमचं दुखणं वेगळं. तुमचा टॉवर लांब आणि जवळजवळ आडव्या रेषेत आहे, तिथं काडी उभीच ठेवा. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीतून ती बाहेर काढून खांबावर उंच लावता आली तर बघा, त्यातच निम्मं काम होतं. मोबाईलचा बूस्टर परस्पर लावायला परवानगी नाही, त्या फंदात पडू नका.

जालन्याचा दुकानदार
तत्त्वज्ञान झालं. मी दहा घरांत अँटेना आडव्या करून पाहिल्यात, दोन घरांत फरक पडला.

नांदेडकरीण
पडेलच कसा, आडवीलाही दिशा असते! आडवी केली की ते भोक तिच्या दोन टोकांना येतं. टोक खोलीच्या दिशेला रोखलेलं असेल तर जिथं सिग्नल हवा तिथंच तुम्ही पाठ फिरवली. बंदुकीसारखा नेम धरायचा नसतो, काडीचं पोट खोलीकडे यायला हवं. आणि ज्या घरात खोली बाजूला आहे तिथं आडवी करून मिळणार तरी किती?

एक गंमत सांगते. मोडलेली अँटेना मी एकदा उघडली होती. बाहेरून वीतभर काळी काडी, आत बोटभर पितळी नळी आणि एक बारीक वायर, बाकी सगळी पोकळ. लांबी बघून ताकद ठरवू नका.

ताई, भांडण सोडून मोजून बघा. २.४ आणि ५ गीगाहर्ट्‌झला वेगवेगळी नावं द्या, नाहीतर मोबाईल मधेच पट्टा बदलतो आणि आकडे फसवतात. मोबाईल वरच्या टेबलावर ठेवा, हातात धरू नका. वाय-फाय मोजायचं एखादं अ‍ॅप लावून दहा वेळा आकडा बघा आणि मधला धरा. एकाच जागी तो चार-पाचने खालीवर होतो, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. उणे ६५ च्या आसपास असेल तर क्लास नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे रड सुरू. राऊटरच्या पानावर जोडलेल्या मोबाईलचा सिग्नल दिसत असेल तर तोही लिहा, तो जास्त महत्त्वाचा. वर विंडोजचा लॅपटॉप असेल तर त्यावरून हे चालवा:

```
ping -n 50 192.168.1.1
```

हा पत्ता तुमच्या राऊटरचा असेल तसा बदला. इंटरनेट बाजूला ठेवून फक्त घरातल्या घरात निरोप किती वेळात फिरतो ते यात कळतं.

लातूरची आई
काल रविवारी भाच्याला बसवून केलं. २.४ वर, लेकीच्या टेबलावर.

चारही उभ्या: मोबाईलला उणे ६९, राऊटरला मोबाईल उणे ७८. पिंग कधी ५, कधी ३००, पन्नासातले सहा निरोप हरवले.

मग दोन आडव्या केल्या, टोकं रस्त्याकडे आणि मागच्या अंगणाकडे: मोबाईलला उणे ६४, राऊटरला उणे ७२. पिंग ३० च्या आत, एक निरोप हरवला. फोटो गेला.

मग भाच्याने त्याच आडव्या ठेवून पॉवर `Medium` केली. मोबाईलला उणे ६७ झालं, दांडी एक कमी झाली, पण राऊटरकडचा आकडा उणे ७२ चा ७२! पिंगही तसाच. लेकीला वाटलं बिघडलं, मी म्हटलं फोटो पाठवून बघ. गेला.

परभणीचे नाना
आकडे बघून मी एक पाऊल मागे येतो, पण एकच. हॉलमध्ये, अंगणात काय झालं ते कोणी मोजलं? दोन आडव्या केल्यात म्हणजे खालच्या मजल्याचं काढून वर दिलंत. माझ्या मते एकच आडवी पुरे होती, फार तर ४५ अंशात.

नांदेडकरीण
नाना, हे बरोबर धरलंत. ताई, स्वयंपाकघरात आणि फाटकापाशीही एकदा मोजा. चारमधल्या २.४ च्या कोणत्या आणि ५ च्या कोणत्या हे बाहेरून कळत नाही, म्हणून एकेक करून आडवी करा आणि कुठल्या काडीने २.४ चा आकडा हलतो ते बघा. बहुधा दोनच असतील, त्यातली एक आडवी, एक उभी. ४५ अंशाने काहींना दोन्हीकडे बरं मिळतं, काहींना कुठंच धड मिळत नाही. ते घरागणिक बदलतं, त्यावर मी वाद घालणार नाही.

जालन्याचा दुकानदार
सहा डेसिबलसाठी रविवार घातला! ५ गीगाहर्ट्‌झचं काय झालं ते सांगा ना.

लातूरची आई
उणे ८४ होतं, उणे ८० झालं. चालत नाही.

जालन्याचा दुकानदार
तेच तर. स्लॅबमधली सळईची जाळी आणि काँक्रीट ५ ला जाऊ देत नाही, त्यापुढे काडी कशीही फिरवा. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडे जो तो सळई जास्तच घालतो. वायर ओढून वर दुसरा राऊटर, हाच इलाज.

नांदेडकरीण
५ साठी तुमचं मान्य. पण तुम्ही वरचा बसवून दोन्ही `High` ठेवता ना? मग लेक जिना चढून वर गेली तरी मोबाईल खालच्याच राऊटरला चिकटून बसतो, कारण तो अजून बऱ्यापैकी ऐकू येतो. तिथं खालच्याची २.४ ची पॉवर उतरवावीच लागते. पॉवरच्या बटणाचा खरा उपयोग बहुतेक वेळा कमी करायलाच होतो.

ताई, वायर ओढायच्या आधी एक करून बघा. राऊटर शोकेसवरून काढून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ठेवा. तिथून वर जायला स्लॅबमध्ये जिन्याएवढं मोकळं तोंड आहे. खोली मग डोक्यावर न राहता तिरकी येईल, म्हणून अँटेना पुन्हा उभ्या करून मोजायला सुरुवात करा. आणि खोलीच्या दाराशी लोखंडी कूलर उभा असेल तर तो बाजूला सरकवा, पत्रा आणि आतलं पाणी दोन्ही सिग्नल खातात.

लातूरची आई
कूलर दारातच आहे. उन्हाळ्यात तो हलवायचा म्हटलं तर लेक मलाच हलवेल. टप्प्यावर प्लग नाही, इन्व्हर्टरची लाईन तिथवर न्यायला वायरमनला बोलावलंय. तोवर एक आडवी, एक उभी ठेवलीय. स्वयंपाकघरात उणे ५५ चं उणे ५८ झालं, तिथं मला फरक कळला नाही.

परभणीचे नाना
फाटकापाशी?

लातूरची आई
फाटकापाशी अजून मोजलं नाही नाना, ऊन उतरलं की बघते.