वीस शब्दांत दुकानासाठी माणूस कसा शोधावा?

विटा_हार्डवेअर: आमचं विट्यात हार्डवेअरचं दुकान आहे. जुना माणूस गावी परतला, काउंटरला नवीन पाहिजे. स्थानिक दैनिकात छोटी जाहिरात देतोय. वीस शब्दांपर्यंत एक दर, पुढे प्रत्येक शब्दाला जादा पैसे. फोन नंबरही एक शब्द धरतात. मी लिहिलंय: "सुवर्णसंधी! प्रसिद्ध हार्डवेअर दुकानासाठी होतकरू, प्रामाणिक, मेहनती व अनुभवी सेल्समन पाहिजे. आकर्षक पगार. इतर सुविधा. त्वरित संपर्क साधा." आणि फोन. बरोबर आहे का? पगाराचा आकडा छापावा का?

जाहिरात_एजंट: साहेब, तालुक्याच्या जाहिराती गोळा करून दैनिकांना पाठवणं हाच माझा धंदा, त्यामुळे स्पष्ट बोलतो. फोन धरून एकोणीस शब्द झालेत आणि दुकान कुठल्या गावात आहे हेच त्यात नाही. कडेगाव किंवा खानापूरचा पोरगा हे वाचून फोन का करेल? होतकरू, प्रामाणिक, मेहनती हे शब्द काढून टाका. अप्रामाणिक माणूस ते वाचून मागे हटत नाही, आणि चांगल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. शब्द ठेवावा की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. तो वाचून एखादा योग्य माणूस पुढे येईल का, किंवा एखादा अयोग्य माणूस फोन करायचा थांबेल का? दोन्ही होत नसेल तर त्या शब्दाचे पैसे वाया गेले.

तुमच्या काउंटरला खरं काय लागतं? गवंडी येऊन "तीन सुती गज" म्हणतो आणि बिलात ती सळई १० मिलिमीटरची लिहावी लागते. प्लंबर पाऊण इंची एल्बो मागतो, तेव्हा हात अर्ध्या इंचीच्या खोक्यात गेला तर माल परत येतो आणि गिऱ्हाईक चिडतं. म्हणजे सूत आणि इंच समजणारा माणूस पाहिजे. हे दोन शब्द 'अनुभवी'पेक्षा जास्त काम करतील. कापड दुकानात पाच वर्षं काढलेलाही अनुभवीच असतो, आणि तो तुम्हाला फोन करत बसेल.

बारका_हिशेबी: एजंटसाहेबांचं पटलं, पण मी तर शब्द जोडून टाकतो. सूत-इंच, स्त्री/पुरुष, १०ते७. तीन ठिकाणी पैसे वाचतात. कुणी मोजत नाही.

जाहिरात_एजंट: भाऊ, अर्धं खरं आहे. काही ठिकाणी चालतं. पण बऱ्याच दैनिकांत जाहिरात घेणारा माणूस मधली रेघ दिसली की दोन शब्द धरतो, आणि १०ते७ असं चिकटवलेलं दिलं तर छापताना ते सुटं करून जादा बिल येतं. त्यात घाईघाईत आकडा चुकला की दुरुस्तीही तुमच्याच खर्चाने. त्यामुळे शब्द मोजताना कडकच मोजा.

सुरेखा_ताई: मी मिठाईचं दुकान चालवते. पगार छापला तर आधीचे कामगार दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन समोर उभे राहतात. "नवीन माणसाला पंधरा आणि आम्ही सात वर्षं आहोत, आम्हाला तेरा?" याला काय उत्तर द्यायचं? शेजारच्या दुकानदारालाही तुमचा आकडा कळतो, तो त्यावर पाचशे देऊन माणूस पळवतो. आकडा छापू नका. "पगार योग्यतेनुसार" एवढंच पुरे. समोर बसवून बोलायचं.

गावाकडचा_पोरगा: ताई, तुमची अडचण समजते. पण दुसऱ्या बाजूने सांगतो. "आकर्षक पगार" वाचून मी एका गावी एसटीने गेलो होतो. दुकान सापडेपर्यंत अकरा वाजले. मालक गिऱ्हाइकात होते, तासभर बसवलं, मग सात हजार सांगितले. एवढ्यात तर खोलीभाडंही भागत नाही. आकडा छापला असता तर माझा दिवस आणि त्यांचा वेळ, दोन्ही वाचलं असतं. आता आमच्या गावातली पोरं "योग्यतेनुसार" दिसलं की पुढची जाहिरात वाचतात.

सुरेखा_ताई: बाळा, सात हजार सांगणारा मालक छापील आकडाही खोटाच देईल. आणि मी पगार लपवायला सांगत नाहीये, फोनवर विचारलं की पहिल्या वाक्यात सांगते.

नाना_सातारकर: पेपर हवा कशाला? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाका, फुकट.

विटा_हार्डवेअर: नाना, ग्रुपवर टाकून झालंय. ओळखीच्यांचे भाचे-पुतणे आले, त्यांना नाही म्हणता येत नाही. म्हणूनच पेपर. एजंटसाहेब, तुम्ही लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं?

जाहिरात_एजंट: हे बघा, रेघा आणि तिरक्या रेषा सुट्या धरून बरोबर वीस:

"हार्डवेअर दुकानात काउंटरसाठी स्त्री/पुरुष पाहिजे. सूत-इंच समजावे. वेळ १० ते ७, गुरुवारी सुट्टी. पगार १५,०००. बसस्थानकासमोर, विटा." आणि फोन नंबर.

वेळ, सुट्टी आणि आकडा मी नमुन्यादाखल घातलेत, तुमचे खरे असतील ते टाका. 'हार्डवेअर' पहिला ठेवलाय, कारण आमच्याकडच्या दैनिकात पहिला शब्द ठळक छापतात आणि वाचणारा रकान्यावरून बोट फिरवत तेवढाच बघतो. 'सुवर्णसंधी' ठळक छापून काय उपयोग? आकडा ठरवताना किमान वेतन बघून घ्या. दुकानातल्या कामगारांनाही ते लागू आहे आणि त्यातला महागाईचा भाग दर सहा महिन्यांनी बदलतो.

सुरेखाताईंचं मानून पगार काढलात तर दोन शब्द मोकळे होतात. तिथे "नवखे चालतील" टाका. सूत समजणारा, पण दुकानात कधी काम न केलेला बांधकामावरचा पोरगा तुम्हाला चालणार असेल, तर तो त्या दोन शब्दांनीच फोन करेल.

अॅड_प्रिया: 'सेल्समन' काढून स्त्री/पुरुष घातलंत ते योग्य केलंत. भरतीत स्त्री म्हणून डावलू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातच होतं. आणि व्यवहार बघायचा तर घरच्या बांधकामाचा हिशेब सांभाळलेल्या कितीतरी बायकांना नळाचे फिटिंग आणि बिलं चांगली कळतात.

बारका_हिशेबी: सिमेंटची पोती कोण उचलणार मग?

अॅड_प्रिया: काउंटरच्या माणसाने पोती उचलायची की नाही, हे आधी मालकांनी ठरवायचं. उचलायची असतील तर ते जाहिरातीत हवं. पुरुषालाही ते आधी कळायला हवं.

विटा_हार्डवेअर: पोत्यांना हमाल आहेत. पण सकाळी नऊ ते बारा ठेकेदारांची गर्दी असते, तेव्हा फोन आले तर उचलणार कोण?

जाहिरात_एजंट: मग जादा चार शब्दांचे पैसे द्या आणि नंबराआधी "फोन दुपारी ३ ते ५" असं टाका. खरं तर हे पाच होतात, पण 'वेळ' काढला तरी १० ते ७ चा अर्थ कळतो. आणि वहीत प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न लिहून ठेवा. सगळे एकच गोष्ट विचारत असतील तर ती जाहिरातीत राहिली असं समजा आणि दुसऱ्या वेळी तीच घाला. फोनच आले नाहीत तर आकडा कमी आहे किंवा जाहिरात भलत्याच रकान्यात गेली आहे. एकदाच लांबलचक छापण्यापेक्षा हीच वीस-चोवीस शब्दांची जाहिरात दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून द्या.

विटा_हार्डवेअर: पोरांना वीस शब्दांची वाचून दाखवली, पटली. आकड्याचं मात्र घरात एकमत नाही. जुन्या दोघांचा पगार आधी सारखा करावा आणि मग छापावं, असं वडील म्हणतात.

सुरेखा_ताई: वडील बरोबर बोलतायत. तेवढं झाल्याशिवाय छापू नका.

गावाकडचा_पोरगा: आणि झाल्यावर छापाच. कुठल्या दिवशी येणार आहे ते इथे सांगा, सूत-इंच मला येतं.