लॉगिन बंद, पण सीट चालूच

> सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद केली, तरी बिलात सीट तेवढ्याच दिसतात. असं का?

लॉगिन बंद करणं आणि सीट, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एका वापरकर्त्यासाठी पैसे भरून घेतलेली जागा, कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. गूगल वर्कस्पेसमध्ये सस्पेंड केलेल्या खात्याचेही पैसे लागतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये माणसाकडून लायसन्स काढून घेतलं, तरी ते तुमच्या नावावर रिकामं पडून राहतं; खरेदीची संख्या वेगळी कमी करावी लागते.

आमच्याकडे एका सॉफ्टवेअरच्या बिलात ३४ सीट होत्या आणि पगारपत्रकावर माणसं २७. ॲडमिनमधून वापरकर्त्यांची यादी काढून ईमेलवरून पगारपत्रकाशी जुळवली. वरच्या ७ पैकी ४ खाती सोडून गेलेल्यांची, २ सीट कुणालाच न दिलेल्या, आणि एक बाहेरून हिशेब पाहणाऱ्या ताईंची. त्या पगारावर नाहीत, पण रोज काम करतात. म्हणजे कमी करण्याजोग्या ६. सीटमागे महिना ६०० रुपये, म्हणून ३,६०० रुपये आणि वर जीएसटी. फक्त पगारपत्रक पाहून ७ सीट काढल्या असत्या, तर ताईंचं काम अडलं असतं.

खातं डिलीट करण्याआधी त्या माणसाच्या फाइल दुसऱ्याच्या नावावर करा, हे कृपया विसरू नका.

आणि करार वार्षिक असेल, तर सीट बहुधा नूतनीकरणालाच कमी होतात. ती तारीख आजच पाहून ठेवा. तोवर नवीन कुणी रुजू झालं, तर रिकामी सीटच द्या.