मदत हवी आहे : निबंध यंत्राने लिहिलेला आहे, हे शैलीवरून खात्रीने सांगता येते का?

रेघोटी : मी नववीला मराठी शिकवते. ‘पाणीटंचाई’ या विषयावर घरून लिहून आणायला सांगितलेल्या निबंधांपैकी एक वाचून मी अडखळले. त्याची सुरुवात अशी आहे : “पाणी हा मानवी जीवनाचा एक अत्यंत महत्त्वाचा घटक आहे. तथापि, वाढत्या लोकसंख्येमुळे पाण्याच्या उपलब्धतेवर मोठा परिणाम होत आहे. त्यामुळे, पाणी वाचवणे ही केवळ गरज नसून एक सामूहिक जबाबदारी आहे.” पुढची दोन पानेही अशाच चालीची आहेत. याच मुलीने जुलैमध्ये वर्गात बसून लिहिले होते : “टँकर बुधवारी येतो. त्या दिवशी आई शाळेत जाऊ देत नाही, कारण रांगेत भांडे धरून उभे राहायला घरात दुसरे कोणी नसते आणि टँकरवाला दहा मिनिटांच्या वर थांबत नाही.” तिच्यावर खोटा आळ येऊ नये, म्हणून विचारते आहे. नेमके काय तपासावे?

समासचिन्ह : वाक्यांतले शब्द मोजा. नव्या निबंधातल्या तीन वाक्यांत 9, 9 आणि 11 शब्द आहेत, तर जुन्या उताऱ्यातल्या दोन वाक्यांत 3 आणि 24. माणूस कधी तोडून लिहितो, कधी एका दमात लिहीत जातो. यंत्राची वाक्ये मात्र एका मापाची निघतात. माझ्या मते एवढा पुरावा पुरेसा आहे.

दौत : मोजणी उपयोगाची आहे, पण पुरेशी नाही. तीन वाक्यांवरून काहीच ठरत नाही. निदान दोन पाने मोजावी लागतील. शिवाय निबंधांच्या गाइडमधली वाक्येही अशीच एका मापाची असतात आणि ती तर या यंत्रांच्या कितीतरी आधीची आहेत. पाठ केलेला निबंध आणि यंत्राचा निबंध या मोजणीत सारखेच दिसतील.

मी जोडशब्दांकडे आधी पाहतो. ‘तथापि’ खोडून ते वाक्य पुन्हा वाचा. अर्थ तसाच राहतो, कारण आधीच्या वाक्याला विरोध करणारे तिथे काही नाहीच. ‘त्यामुळे’ आणि ‘तथापि’ यांच्या पुढचा स्वल्पविरामही पाहा. मराठीत लिहिताना आपला हात तिथे सहसा थांबत नाही, ती इंग्रजी वाक्याची सवय आहे. ‘एक अत्यंत महत्त्वाचा घटक’ आणि ‘एक सामूहिक जबाबदारी’ यांतला ‘एक’ही तसाच आगंतुक आहे. जुन्या उताऱ्यातला ‘कारण’ मात्र खोडता येत नाही. तो काढला तर आई शाळेत का जाऊ देत नाही, हेच कळत नाही.

‘काही प्रमाणात’, ‘असे म्हणता येईल’ ही सावध भाषाही अशीच पारखावी. माणूस कचरतो तेव्हा तो बहुधा एखाद्या ठरावीक गोष्टीपाशी कचरतो. प्रत्येक परिच्छेदात सारखाच सावधपणा असेल आणि शंका कशाबद्दल आहे हे कुठेच कळत नसेल, तर मला संशय येतो.

सायली_बडोदा : माझ्या मुलाचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले आहे. तो मराठी स्वतःच लिहितो, पण आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवतो. ‘तथापि’च्या पुढचा स्वल्पविराम आणि तो जादा ‘एक’, दोन्ही त्याच्या वहीत सापडतील. त्याच्या बाईंनी सर्वांसमोर त्याला “हे कुठून उतरवलेस?” असे विचारले, तेव्हापासून तो मराठीत लिहायलाच तयार नाही. त्याची वाक्यरचना सुधारण्यासाठी मी काय करावे?

दौत : सायलीताई, त्यासाठी वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन. पण तुमचा अनुभव इथे फार महत्त्वाचा आहे. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी यंत्रलेखन ओळखणारी सात साधने तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध त्या साधनांनी सरासरी 61 टक्क्यांहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले. ज्याच्यापाशी शब्द मोजके, त्याचा पुढचा शब्द सहज ओळखता येतो आणि अशा साधनांना नेमका त्याचाच संशय येतो. साधनाची ही चूक आपल्या डोळ्यांकडूनही होऊ शकते.

समासचिन्ह : मग काहीच सिद्ध करता येणार नसेल, तर उद्या सगळेच यंत्राकडून लिहून आणतील. शिक्षकाने गुण कशाला द्यायचे?

दौत : नुसत्या शैलीवरून सिद्ध होत नाही, असे माझे म्हणणे आहे. रेघोटीताईंकडे त्याच मुलीचे जुने लेखन आहे, हा त्याहून मोठा आधार. जुलैमध्ये जिने टँकरचा वार लिहिला, तिच्या दोन पानांत एकाही जागेचे, दिवसाचे, माणसाचे नाव नसावे, हे मला वाक्यांच्या लांबीपेक्षा अधिक खटकते. तरीही तिने गाइड पाहून लिहिले असण्याची शक्यता उरतेच.

रेघोटी : मी दोन्ही पाने पुन्हा वाचली. तेरा जोडशब्द खोडून पाहिले. त्यांतल्या अकरांनी अर्थात काहीच फरक पडला नाही. नाव एकाही जागेचे नाही. उद्या तिला एकटीला बसवून, आळ न घेता, ‘सामूहिक जबाबदारी’ म्हणजे तुमच्या गल्लीत कोणी काय करायचे, एवढेच विचारणार आहे. मात्र तिने आधी स्वतः लिहून मग ते यंत्राकडून ‘सुधारून’ घेतले असेल, तर त्याला काय म्हणायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कोणी असा प्रसंग हाताळला असेल, तर कृपया लिहावे.