पानाची लिंक आत्ता फॉरवर्ड करू नका

सचिव: क्लबच्या कार्यक्रमाच्या नोंदणीचं पान आज रात्री चालू करायचंय आणि मेल निम्म्या जणांनी उघडलेली नाही. म्हणून आपल्या स्वयंसेविका ताईंची मेल इथेच टाकतो.

«नमस्कार. यंदाचं पान आपण गेल्या वर्षीच्या पानाची कॉपी करून बनवलं. शीर्षक, फोटो, मजकूर सगळं बदललं, पण जे नुसतं बघून दिसत नाही ते जुनंच राहिलं होतं. काल मी प्रायव्हेट विंडोत पान उघडून ‘चाचणी’ या नावाने नोंदणी केली. ‘नोंदणी झाली’ असा संदेशही आला. यंदाच्या शीटमध्ये मात्र काहीच नाही. ती ओळ गेल्या वर्षीच्या शीटमध्ये अगदी तळाला सापडली, कारण बटणामागे जुन्याच फॉर्मची लिंक होती. ती बदलली आहे.

कार्यक्रमाची तारीख तीच, 15 मार्च, पण त्या दिवशी 2025 मध्ये शनिवार होता, 2026 मध्ये रविवार आहे. पानावर अजून शनिवारच आहे. वार वाचून येणारे आदल्या दिवशी येतील, तेव्हा हे आजच दुरुस्त करावं.»

खजिनदार: मी सकाळीच बटण दाबून पाहिलं. फॉर्म व्यवस्थित उघडतोय की.

स्वयंसेविका: काका, तुम्ही क्लबच्या खात्यातून लॉगिन आहात ना? नवा फॉर्म त्याच खात्यांपुरता ठेवलेला असला, तर आपल्याला उघडतो आणि बाहेरच्याला परवानगी मागतो. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघाल का?

खजिनदार: पाहिलं. परवानगीच मागतोय!

स्वयंसेविका: फॉर्मच्या सेटिंगमध्ये प्रतिसाद देण्याची परवानगी ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी केली. आता त्याच फोनवरून पूर्ण भरा, नुसता उघडून सोडू नका.

सदस्य: मी लिंक मित्रांच्या ग्रुपवर टाकू का? इथे टाकून बघतोय तर खाली चौकटीत गेल्या वर्षीचंच नाव येतंय.

स्वयंसेविका: दादा, कृपया थांबा. चौकटीतलं नाव पानावरच्या मजकुरातून येतंच असं नाही. त्यासाठी पानाच्या कोडमध्ये `og:title` आणि `og:description` अशा वेगळ्या ओळी असतात, त्या कॉपीबरोबर जुन्याच आल्या. संदेश एकदा गेला की त्यातली चौकट नंतर बदलत नाही. पान सुधारलं तरी लोकांच्या फोनवर जुनंच नाव राहील, आणि बरेच जण चौकट वाचूनच ठरवतात. मी बदलते, मग तुम्ही पुन्हा बघा.

सचिव: वार मी दोन्हीकडे बदलला, पानावर आणि फॉर्मच्या वरच्या मजकुरातही. तिथेही शनिवारच होता.

खजिनदार: बायकोच्या फोनवरून पूर्ण भरला. यंदाच्या शीटमध्ये ओळ दिसतेय.

सदस्य: चौकटीत आता यंदाचं नाव येतंय.

स्वयंसेविका: मग रात्री चालू करू. माझी आणि काकूंची, दोन्ही चाचणीच्या ओळी मी आत्ताच काढते. माझी जुन्या शीटमध्ये आहे आणि काकूंची नव्या. नाहीतर उपस्थितांच्या संख्येत काकूही धरल्या जातील.