९० हजार घेऊन उरलेल्या ७५ वर हक्क ठेवायचाय, रिप्लाय कसा लिहू?

कल्याणचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी. मॉड्युलर किचनवाल्याशी गेले ५ महिने भांडण चालू आहे. एकूण काम ३,८०,००० चं. कोटेशनमध्ये ७१० ग्रेड मरीन प्लाय लिहिलंय पण सिंकखालची शटर्स पहिल्याच पावसाळ्यात फुगली, एक कापून बघितलं तर साधं कमर्शियल प्लाय. काही सामान तर आलंच नाही. माझ्या हिशेबाने १,६५,००० परत मिळायला हवेत.

आता त्याचं ईमेल आलंय, वर विदाउट प्रेज्युडिस लिहिलंय, "९०,००० देतो, फुल अँड फायनल, सोबतचं पत्र सही करून ७ दिवसांत पाठवा". पत्रात कलम ३ असं की यापुढे कोणताही दावा करणार नाही, आणि कलम ४ मध्ये गूगल रिव्ह्यू काढायचा. मला ९० हवेत कारण दुसऱ्या सुताराला अ‍ॅडव्हान्स द्यायचाय, पण उरलेले ७५ सोडायचे नाहीत. असा रिप्लाय लिहिता येतो का? वकिलावर ३-४ हजारांच्या वर खर्च नाही करू शकत, प्लीज ते लक्षात ठेवून सांगा.

स्वयंपाकघर_सम्राट:
मी तर आधीपासून सांगतो, मॉड्युलर नको, घरी सुतार बसवा. आमच्याकडे २०११ साली सुतार बसवला, ३ आठवडे घरात राडा झाला पण आज १४ वर्षं एक बिजागरीसुद्धा हलली नाही. प्लाय स्वतः दुकानात जाऊन घ्यायचं, शिक्का बघून.

अण्णा_मुलुंड:
सरळ हायकोर्टातला चांगला वकील कर आणि नोटीस ठोक. २५-३० हजार जातील पण असले लोक नोटिशीशिवाय सरळ होत नाहीत. माझ्या साडूचं असंच फ्लॅटचं प्रकरण होतं.

कल्याणचा_पाहुणा:
अण्णा, ७५ हजारांसाठी ३० हजार? बजेट वर लिहिलंय हो.

रोखठोक_नाशिक:
सोपं आहे, तूही तुझ्या पत्रावर सगळ्यात वर ठळक विदाउट प्रेज्युडिस लिही आणि पैसे घे. ते लिहिलं की तुझे हक्क शाबूत. आमच्या कंपनीत सगळ्या पत्रांवर असतं.

जुना_लेखापाल:
उलट मी सांगतो, पैसे घेतलेस की विषय संपला. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ६३ बघ, त्यात उदाहरणच आहे, ५,००० देणं असलेल्या माणसाकडून २,००० पूर्ण देणं म्हणून घेतले तर सगळं कर्ज फिटलं. त्यामुळे एक तर ९० घे आणि गप्प बस, नाहीतर नको घेऊ.

मीनाक्षी_पुणे:
थांबा जरा. मी १६ वर्षं ग्राहक आयोगात केसेस बघतेय, वकील आहे, पण इथे फुकट सांगते, घाबरू नका.

लेखापाल दादा, उदाहरण बरोबर आहे पण मधले शब्द महत्त्वाचे आहेत, "पूर्ण देणं म्हणून घेतले तर". पैसे घेतल्यामुळे कर्ज फिटत नाही, कशाबद्दल म्हणून घेतले त्यावर ठरतं. आणि ते कागदावर दिसायला हवं, पैसे घ्यायच्या आधीच्या कागदावर. २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, भगवती प्रसाद पवन कुमार विरुद्ध भारत सरकार. रेल्वेने चेक पाठवले आणि सोबत लिहिलं की मान्य नसेल तर चेक परत करा, ठेवलेत तर पूर्ण दावा मिटला असं समजू. त्यांनी चेक वटवले आणि तक्रार नंतर केली. कोर्टाने म्हटलं, वटवण्याआधी हरकत घेतली असती तर गोष्ट वेगळी, पैसे खात्यात आल्यावर कुरकुर करून उपयोग नाही. म्हणजे तुमच्या केसमध्ये क्रम सगळ्यात महत्त्वाचा, आधी रिप्लाय जायला हवा, मग पैसे.

रोखठोक, तुमचं अर्धं बरोबर. पत्राच्या माथ्यावरच्या त्या दोन शब्दांचा अर्थ साधारण असा की ही तडजोडीची बोलणी आहेत, कबुली म्हणून पुरावा करू नका. पण यांना तर आपला रिप्लाय पुढे आयोगाला दाखवायचाय. मग स्वतःच त्यावर तो शिक्का कशाला मारता? माथा कोरा ठेवा आणि आत साध्या वाक्यात लिहा, हक्क राखून घेतोय. त्याच कारणाने त्याचं ९० चं ईमेल "बघा त्याने कबूल केलं" म्हणून वापरायच्या भरवशावर पण राहू नका.

आता एक प्रश्न, पाहुणे. तुमचे १,६५,००० कुठून आले? फोड करून सांगा.

सुनीता_ताई_ठाणे:
माझं पण असंच झालं होतं गाडीच्या इन्शुरन्समध्ये!! डिस्चार्ज व्हाउचरवर सही केल्याशिवाय पैसेच देईनात, मी रडत सही केली. नंतर कुणीतरी सांगितलं सही केली तरी केस करता येते. म्हणजे यांनी पण सही करून टाकावी ना, नंतर बघता येईल.

मीनाक्षी_पुणे:
सुनीताताई, ते अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या १९९९ च्या निकालावरून म्हणत असतील. त्यात नुसती व्हाउचरवर सही केली म्हणून हक्क जात नाही असं आहे खरं, पण फसवणूक, दबाव, दिशाभूल यांतलं काहीतरी तुम्हाला सिद्ध करावं लागतं. पाहुण्यांनी इथे आधीच सगळा विचार लिहून ठेवलाय, ७ दिवस हातात आहेत, कोण दबाव मानेल? सही केलेला कागद नंतर फाडायच्या भरवशावर सही करू नये.

कल्याणचा_पाहुणा:
ताई, फोड अशी: टॉल युनिट आलंच नाही ५८,०००, पॅन्ट्री पुलआउट पण नाही ३२,०००, दोन्ही रेट त्याच्याच कोटेशनमधले. आणि १४ शटर्स बदलायला दुसऱ्या सुताराचं कोटेशन ७५,०००.

अरे, लिहिताना आत्ता लक्षात आलं, ५८ आणि ३२ म्हणजे बरोबर ९० होतात!

मीनाक्षी_पुणे:
हेच हवं होतं. तो न दिलेल्या मालाचेच पैसे परत करतोय आणि त्याच्या बदल्यात शटर्सची तक्रार फुकटात मिटवतोय. मग ९० "एकूण हिशेबातले थोडे" म्हणून घेऊच नका, त्या दोन वस्तूंचे म्हणून घ्या. शटर्सचा विषय आपोआप वेगळा पडतो. असं काहीतरी लिहा, मराठीत चालेल:

> तुमच्या ईमेलला उत्तर. टॉल युनिट (५८,०००) आणि पॅन्ट्री पुलआउट (३२,०००) या न मिळालेल्या वस्तूंचे पैसे म्हणून ९०,००० रुपये घ्यायला मी तयार आहे. ही रक्कम मी संपूर्ण हिशेब मिटवण्यासाठी घेत नाही. फुगलेल्या १४ शटर्सचे ७५,००० रुपये येणं बाकी आहे आणि त्याबद्दलचे माझे सर्व हक्क, ग्राहक आयोगात तक्रार करण्याच्या हक्कासह, मी राखून ठेवत आहे. तुमच्या पत्रातील कलम ३ व ४ मला मान्य नाहीत, त्यामुळे त्या पत्रावर सही करत नाही. हे मान्य नसेल तर रक्कम पाठवू नये. पाठवल्यास ती वरील दोन वस्तूंपोटीच जमा धरली जाईल.

ज्या ईमेलवर ऑफर आली त्यालाच रिप्लाय करा आणि छापून स्पीड पोस्टने पण पाठवा. बँक डिटेल्स याच्यानंतर द्या, वेगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको. आणि तो फोन करून "चालेल ना?" म्हणाला आणि मेसेज टाकला तर खाली अंगठा टाकू नका. अंगठ्याचा अर्थ काय यावर पुढे वाद घालत बसाल.

रोखठोक_नाशिक:
आमच्या कंपनीच्या लीगलने कधी काही चूक काढली नाही, एवढंच सांगतो.

जुना_लेखापाल:
ताई, मान्य. पण मग हा स्वीकार झालाच नाही, कलम ७ प्रमाणे स्वीकार बिनशर्त लागतो. हा तर नवीन प्रस्ताव झाला. तो म्हणेल नाही देत जा.

मीनाक्षी_पुणे:
अगदी बरोबर, आणि ती खरी जोखीम आहे, मी लपवत नाही. तो ९० सुद्धा अडकवू शकतो. म्हणून पाहुण्यांनी आधी ठरवायचं, ९० लगेच हवेत की १,६५ नंतर. आयोगात गेलात तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवर स्वतः तक्रार टाकता येते, वकील लागतोच असं नाही. मुदत २ वर्षं. पण २ वर्षं शटर फुगल्यापासून धरा. पैसे आल्यावर मुदत नव्याने सुरू होते असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

जुना_लेखापाल:
आणखी एक, तो क्रेडिट नोट देईल, जीएसटीचं बिल असेल तर. त्यावर वर्णनात त्या दोन वस्तूंची नावं आहेत का बघ. "सेटलमेंट" असं लिहून आलं तर त्याच दिवशी ईमेलने दुरुस्ती माग.

अण्णा_मुलुंड:
ग्राहक आयोग म्हणजे तारीख पे तारीख. माझ्या साडूला ४ वर्षं लागली. नोटीसच बरी.

स्वयंपाकघर_सम्राट:
७१० चा शिक्का प्रत्येक शीटवर असतो, कापलेला तुकडा ठेवलाय ना? की रद्दीत गेला?

कल्याणचा_पाहुणा:
ठेवलाय. फोटो पण आहेत, पहिल्या दिवशीचे.

मीनाक्षी_पुणे:
सम्राटांनी पहिल्यांदाच कामाचं विचारलं. बाकीची १३ शटर्स पण आत्ता फेकू नका, दुसरा सुतार बसवणार म्हणून पुरावा भंगारात जातो आणि मग मी काय दाखवू असं होतं. निदान ३-४ ठेवा आणि सुताराकडून लेखी घ्या की काय काढलं आणि का.

कल्याणचा_पाहुणा:
अपडेट. ताईंचा मसुदा जसाच्या तसा पाठवला परवा. काल रात्री मालकाचा स्वतःचा फोन, आधी आरडाओरडा, मग म्हणाला शटर्सचे ३० वाढवतो, १,२०,००० पण सगळं मिटवायचं, रिव्ह्यू राहू दे म्हणाला. बायकोशी बोललो. आईला पुढच्या महिन्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी आणायचंय, तिला स्वयंपाकघर लागणार, मला आयोगाच्या तारखा करायला सुट्ट्या नाहीत. हो म्हणून टाकलं. ४५ सोडतोय, माहितीय.

अण्णा_मुलुंड:
बघितलंत? घाबरला होता तो. नोटीस दिली असतीस तर पूर्ण निघाले असते.

जुना_लेखापाल:
ताईंच्या पत्राशिवाय ३० वाढले नसते, पण ४५ सोडले हे मला नाही पटलं.

सुनीता_ताई_ठाणे:
आईंना लवकर बरं वाटू दे 🙏

मीनाक्षी_पुणे:
तुमचा निर्णय, समजू शकते. फक्त सही पैसे खात्यात दिसल्यावर करा, आणि पत्रात "१,२०,००० मिळाल्यावर" असं असू दे, "देण्याचं मान्य केल्यावर" नको. सही झाली का?

कल्याणचा_पाहुणा:
सही झाली काल रात्रीच, त्याने माणूस पाठवला होता. पैसे सोमवारी टाकतो म्हणालाय.

मीनाक्षी_पुणे:
पत्राचा फोटो आहे का तुमच्याकडे? नावं झाकून इथे टाका. कलम ३ चं पहिलं वाक्य आधी.