काळ्याभोर केसांत हलके हायलाइट्स: तात्पुरते की कायमचे? तुमचे अनुभव लिहा

कुरळी_बट
केस काळेकुट्ट, उन्हात धरले तरच जरा तपकिरी वाटतात. त्वचा गव्हाळ, पिवळसर झाक असलेली. मला चार बटा अशा हव्यात की समोरच्याला "आज काहीतरी वेगळं दिसतंय" एवढंच वाटावं, "केस रंगवलेस?" असं विचारावंसं वाटू नये. आधी तात्पुरतं काही करून बघू की सरळ कायमचं करू? ज्यांनी केलंय त्यांनी फसलेलंही लिहा. ते जास्त उपयोगी पडेल.

मोगरी
तात्पुरत्याच्या वाटेला जाऊ नकोस. मी कॅरॅमल शेडचा सेमी-परमनंट आणला, पाऊण तास ठेवला. टॉवेल कॅरॅमल झाला, नखं कॅरॅमल झाली, केस होते तसेच. शुद्ध फसवणूक.

कात्री_आणि_कंगवा
मोगरी, फसवणूक नाही. तो रंग केसांवर फक्त चढतो, खालचा काळा रंग काढत नाही. काळ्या कागदावर पिवळं स्केचपेन चालवून बघा, तसंच. सेमी-परमनंट काळ्या केसांवर दिसायचा तर आधी केस उजळावे लागतात, आणि उजळलं की ते काम तात्पुरतं राहत नाही. तो भाग वाढून कापला जाईपर्यंत तसाच राहतो. डब्यावर "२४ धुण्यांत जातो" लिहिलेलं असतं ते वरच्या रंगाबद्दल असतं, हे कुणी सांगत नाही.

निवांत
माझ्या कानशिलाजवळ पांढरे झालेत. त्यासाठी कोणता ब्रँड चांगला? मेहंदीने फार भगवे दिसतात.

कुरळी_बट
निवांत, हा धागा पांढऱ्या केसांचा नाही हो :) पण पांढऱ्यावर मेहंदी भगवीच दिसणार, तिथे खाली काळा नसतो.

सांजवारा
माझा तात्पुरत्याचा अनुभव चांगला आहे, पण वेगळ्या वस्तूचा. रंगीत हेअर वॅक्स. त्यात रंग जाड असतो, केसावर थर बसतो, म्हणून काळ्यावरही दिसतो. एका समारंभासाठी तांबूस तपकिरी लावलं होतं. फोटोत सुंदर आलं. प्रत्यक्षात बट कागदासारखी कडक झाली, बोटं फिरवली की भुगा पडायचा, आणि घाम आल्यावर पांढऱ्या कॉलरवर तपकिरी पट्टा. एका धुण्यात गेलं. एका संध्याकाळीपुरतं ठीक, पण कायमचं केल्यावर कसं दिसेल याचा अंदाज त्यावरून येत नाही. वॅक्स मॅट दिसतं, केस चमकतात.

अंदाजासाठी मी क्लिपवाल्या बटा वापरल्या. दोन बोटं रुंद, एक राखाडी तपकिरी आणि एक तांबूस तपकिरी, वरच्या थराखाली, गालाजवळ. आठवडाभर आलटून पालटून लावल्या. राखाडीने चेहरा आजारी दिसायचा. बट सुंदर, मी मात्र थकलेली! तांबूस लावली त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणजे जमलं.

निळंजांभळं
तरी मी म्हणेन ऍश, म्हणजे राखाडी शेडच घ्या. काळे केस उजळले की नारिंगी होतात, ऍशने तो जातो. आणि नंतर जांभळा शॅम्पू वापरायचा.

कात्री_आणि_कंगवा
नारिंगी होतात हे बरोबर. पण जांभळा शॅम्पू पिवळेपणा मारतो, नारिंगीला निळा लागतो. आणि मूळ प्रश्न असा की तो नारिंगी घालवायचाच कशाला?

काळा केस उजळताना आधी गडद लालसर तपकिरी होतो, मग तांबडा, मग नारिंगी, त्यानंतर पिवळा. पिवळसर झाकेच्या त्वचेला जे तांबूस-मधाळ रंग शोभतात, ते या वाटेवर मध्येच आपसूक भेटतात. ऍश हवा असेल तर केस खूप पुढे उजळावे लागतात, तेवढेच कोरडे होतात, आणि उजळल्यावर वरून दिलेला हलका रंग, म्हणजे टोनर, महिना-दीड महिन्यात उतरला की खालचा नारिंगी परत येतो. तांबूस रंगाचा टोनर उतरला तरी खाली तांबूसच असतं.

एक उदाहरण सांगते. एका बाईंचे केस अगदी काळे, कधीच न रंगवलेले. फोटो आणला राखाडी तपकिरीचा. मी कानामागची पेन्सिलीएवढी बट घेतली, ब्लीच पावडर आणि ६ टक्क्यांचा डेव्हलपर लावला, दर पाच मिनिटांनी ओल्या कापसाने थोडं पुसून बघत राहिले. दहाव्या मिनिटाला गडद लालसर. विसाव्याला जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा. तिथे थांबवलं, धुतलं, वाळवलं, कारण ओला केस नेहमी जास्त गडद दिसतो. ती बट गालाशी धरली आणि बाईंनी फोटो मिटवून टाकला. मग पूर्ण कामात अगदी बारीक बटा घेतल्या, इतक्या की फॉइलवर पसरल्यावर खालचं फॉइल दिसावं. मुळापासून तीन बोटं सोडून सुरुवात केली. शेवटी उजळलेल्या रंगापेक्षा किंचित गडद, सोनेरी तपकिरी टोनर दहा मिनिटं. मुळं वाढली तरी रेघ दिसली नाही, सात महिन्यांनी नुसता टोनर पुन्हा लावायला आल्या.

मिनिटं पाठ करू नका. जाड केसाला जास्त लागतात, पातळ केस लवकर पळतो.

धुमकेतू
ब्लीचशिवायही होतं. मी ९ टक्क्यांच्या डेव्हलपरसोबत नुसता परमनंट तपकिरी लावला आणि बटा छान तांबूस झाल्या.

जुनीजखम
न रंगवलेल्या केसांवर होत असेल. मी दोन वर्षं घरी काळा रंग लावत होते. तोच प्रयोग केला तर मुळाकडचे चार बोटं नवे केस लालभडक आणि खाली सगळं काळंच! नंतर कळलं की रंगाने रंग निघत नाही. डोक्यावर ज्वालामुखी घेऊन दोन आठवडे फिरले.

कात्री_आणि_कंगवा
धुमकेतूंना जमलं असेल, मलाही काहींचं जमलंय. पण अगदी काळ्या, जाड केसांवर अनेकदा फक्त उन्हात दिसेल एवढाच फरक पडतो. कुरळी_बटला कदाचित तेवढंच पुरेल. करून पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

पानफूल
मेहंदीवाल्यांनी सावध. मी "काळी मेहंदी" म्हणून मिळणारी पूड लावायचे. पार्लरमध्ये आधी कंगव्यातले गळलेले केस वाटीत घालून त्यावर ब्लीच टाकलं, तर वाटी बाहेरून गरम लागली! ताईंनी तिथेच हात जोडले. पुडीत धातूचे क्षार असले तर असं होतं म्हणाल्या. डोक्यावर झालं असतं तर?

आणि परमनंट रंग लावणार असाल तर ४८ तास आधी कोपराच्या आत ठिपका लावून बघाच. मला तिथेच पुरळ आलं. आता माझ्या नशिबी क्लिपाच.

कुरळी_बट
क्लिपा आणल्या, सांजवारा म्हणाली तेच, तांबूस जिंकली. कंगव्यातल्या केसांवर ब्लीच लावून पाहिलं, वाटी थंड राहिली, केस वीस मिनिटांत तांब्यासारखे झाले. मग कात्री_आणि_कंगवा यांचं वर्णन कागदावर उतरवून पार्लरमध्ये गेले. त्या म्हणाल्या, "सहाच बटा करू, आवडल्या तर वाढवू." पण एक अडलंय: माझे केस कुरळे आहेत, आणि इतक्या बारीक बटा कुरळ्यांत विरघळून दिसतच नाहीत असं त्यांचं म्हणणं. जाड घ्यायच्या का? कुरळ्या केसांवर कुणी केलंय?

सांजवारा
माझे सरळ आहेत, त्यामुळे मी गप्प. पण क्लिपची बट कुरळी करून लावून बघ ना, रुंदी तिथेच ठरेल.